खड्या पाईआधीचा श्वास

हिंदी पुस्तकात वाक्य संपलं की एक उभी रेघ येते. हिंदीभाषक तिला खड़ी पाई म्हणतात. तिथे थांबायचं हे कुणालाही कळतं. ऑडिओबुक वाचणाऱ्याची परीक्षा असते ती त्या पाईपर्यंत पोचण्याच्या वाटेवर. मराठीसारखंच हिंदीतही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे काय घडलं ते वाक्य संपता संपता कळतं. तोवर कुणी, कुठे, कशासाठी हे सगळं ऐकणाऱ्याला मनात धरून ठेवावं लागतं. त्यातच निवेदकाचा श्वास क्रियापदाच्या तोंडावर संपला, की ऐकणाऱ्याच्या हातून सगळं सांडतं.

म्हणून ध्वनिमुद्रणाआधी संहितेवर खुणा करायच्या. या खुणांची ठरलेली लिपी नाही, ज्याची त्याची वेगळी असते. मी चारच वापरते. एक तिरपी रेघ म्हणजे क्षणभर थांबा, दोन रेघा म्हणजे स्पष्ट विराम, शब्दाखाली रेघ म्हणजे जोर, आणि ओळीच्या वर V म्हणजे इथे श्वास. पूर्वी हे पेन्सिलीने कागदावर व्हायचं. आता बहुतेक जण टॅबलेटवर करतात, कारण पान उलटल्याचा आवाज माइक नेमका पकडतो.

खुणा करताना आधी विसरायचा तो छापील स्वल्पविराम. तो डोळ्यांसाठी असतो, वाक्याची रचना दाखवतो. कानाला तिथे थांबणं हवंच असतं असं नाही. नवा निवेदक प्रत्येक स्वल्पविरामावर इमानदारीने थांबतो आणि वाक्याचे तुकडे पडतात. हे वाक्य पाहा, नमुन्यासाठी मीच रचलेलं:

दादी ने संदूक खोला, और उसमें से वह साड़ी निकाली, जो दादा बरसों पहले बनारस से लाए थे, और जिसे उन्होंने एक बार भी नहीं पहना था।

तीन स्वल्पविराम आहेत, पण तिन्हींचं काम वेगळं. पेटी उघडणं आणि साडी काढणं ही हाताची एकच हालचाल आहे, म्हणून पहिला स्वल्पविराम मी सरळ खोडते. 'वह' हा शब्द बोट दाखवणारा आहे. ती साडी, जी... असं तो पुढच्या 'जो'चं वचन देतो, म्हणून तिथे आवाज किंचित उचलायचा. 'निकाली'नंतर एक तिरपी रेघ. इथे थांबायचं, पण स्वर खाली आणायचा नाही. खाली आणला तर ऐकणाऱ्याला वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि 'जो' मागून एकटाच धावत येतो. असं झालंय का हे ओळखणं सोपं आहे: मुद्रण 'निकाली'पाशी थांबवायचं आणि पुढे काही येणार आहे असं कानाला वाटतंय का, ते पाहायचं.

'लाए थे'नंतर दोन रेघा आणि वर V. श्वास इथे घ्यायचा, गरज वाटत नसली तरीही. कारण वाक्याचं सगळं दुःख शेवटच्या तुकड्यात आहे आणि तो एका दमात जायला हवा. 'एक बार भी'नंतर दम तुटला आणि 'नहीं पहना था' नव्या श्वासाने आलं, तर ती एक कोरडी माहिती होते.

राहिला जोर. मोह 'नहीं'वर द्यायचा होतो, पण रेघ मी 'एक'खाली ओढते. हिंदीत जोर म्हणजे आवाज मोठा करणं नव्हे. त्या शब्दावर स्वराची चढउतार वाढते आणि त्याच्या मागून येणारे शब्द जवळजवळ सपाट जातात. ते सपाट होणंच आधीच्या शब्दाला उठाव देतं. 'एक' आणि 'नहीं' दोन्हींवर जोर दिला, तर दोन्ही पडतात. तयार झालेली ओळ अशी दिसते:

दादी ने संदूक खोला और उसमें से वह साड़ी निकाली / जो दादा बरसों पहले बनारस से लाए थे // V और जिसे उन्होंने <u>एक</u> बार भी नहीं पहना था।

जोराच्या बाबतीत हिंदी एका गोष्टीत फार उदार आहे. 'ही', 'भी', 'तो' हे छोटे शब्द लेखकाने कुठे ठेवले आहेत ते पाहिलं, की जोर कुठे हे बहुतेकदा कळतं. फक्त तो त्या छोट्या शब्दावर द्यायचा नसतो, त्याच्या आधीच्या शब्दावर द्यायचा असतो. 'मैंने तो कहा था' म्हणजे बाकीच्यांचं सोडा, मी सांगितलं होतं, रेघ 'मैंने'खाली. 'मैंने कहा तो था' म्हणजे सांगितलं होतंच की, रेघ 'कहा'खाली. नवखा दोन्हींत 'तो'वर आपटतो आणि दोन्ही वाक्यं सारखीच भांडखोर होतात.

मराठी माणसाने हिंदी वाचायला घेतलं, तर त्याला 'ही' दगा देतो. मराठीत 'मीही' म्हणजे माझ्यासकट, हिंदीत 'मैं ही' म्हणजे मीच. अर्थ आपल्याला ठाऊक असतो, पण जिभेला मराठीतला हळूच चिकटणारा 'ही' सवयीचा असतो आणि वाचण्याच्या ओघात आधीचा शब्द सपाट निघून जातो. मी सुरुवातीला प्रत्येक 'ही'च्या वर बारीक 'च' लिहीत असे. अजूनही लांब प्रकरण असेल तर लिहिते.

'और'चंही असंच. 'और बच्चे भी आए थे' म्हणजे 'आणि मुलंही आली होती', किंवा 'आणखीही मुलं आली होती'. छापील पानावर दोन्ही सारखी दिसतात. पहिला अर्थ हवा तर 'और' हलका टाकून जोर 'बच्चे'वर द्यायचा, दुसरा हवा तर जोर 'और'वरच. कोणता हवा ते मागच्या परिच्छेदावरून ठरतं. माइकसमोर ते ठरवायला वेळ नसतो, म्हणून घरीच ठरवून ठेवायचं.

श्वासाची खूण चुकली की माइक लगेच सांगतो. वेळेवर घेतलेला श्वास मऊ असतो, जेमतेम ऐकू येतो. उशिरा घेतलेल्या श्वासाला धाप असते, तोंडाने ओढल्यासारखी. अशी धाप ऐकू आली की मी त्या जागेकडे पाहत नाही, एक तुकडा मागे जाते. श्वास घ्यायला हवा होता तो तिथे. काही संपादक सगळे श्वास कापून टाकतात. मग ऐकणाऱ्याला कारण न कळता गुदमरल्यासारखं होतं, कारण इतकं लांब वाक्य कुणी बिनश्वासाचं बोलत नाही. श्वास कापण्याऐवजी त्याचा आवाज कमी करावा. कापायचाच झाला तर रिकाम्या जागी त्याच खोलीची मुद्रित केलेली शांतता भरावी. कोरी शांतता टाकली, तर क्षणभर यंत्र बंद पडल्याचा भास होतो.

आणि खुणा फार झाल्या तर? तेही ऐकू येतं. डोळे मिटून ऐकताना पुढची रेघ कुठे असेल हे सांगता येऊ लागलं, की निवेदक गोष्ट न वाचता खुणा वाचतो आहे असं समजावं. पहिल्यांदा मोठ्याने वाचताना मी मोकळ्या हाताने खुणा करते, दुसऱ्या वाचनात त्यांतल्या बऱ्याच पुसते. ज्या जागी आवाज आपोआप थांबतो, तिथली रेघ नको. दादीच्या वाक्यात शेवटी दोनच खुणा उरल्या: 'लाए थे'नंतरचा V आणि 'एक'खालची रेघ. बाकीचं तोवर जिभेवर बसलं होतं.