मोजे पँटशी जुळवा, बुटांशी नव्हे

बूट काळे म्हणून मोजेही काळे, असा आपल्याकडे सरसकट हिशेब असतो. काळ्या किंवा गडद करड्या पँटवर तो खपून जातो. पण नेव्ही ब्लू पँटखाली टॅन बूट घाला, म्हणजे घोळ लक्षात येईल. काळे मोजे मध्येच तिसरा पट्टा काढतात आणि टॅन मोज्यांनी बूट घोट्याच्या वर चढल्यासारखे दिसतात. तिथे नेव्हीच मोजे हवेत, फार तर छटाभर गडद. मग पँटचा रंग थेट बुटापर्यंत उतरतो आणि पाय लांब दिसतो. नक्षी हवी असेल तर मोज्याचा मूळ रंग पँटचाच ठेवावा.

लांबीची परीक्षा खुर्चीत होते. पायावर पाय टाकून बसा. पँट वर सरकते आणि नडगीची केसाळ त्वचा दिसली, तर मोजा आखूड आहे. पोटरीच्या मध्यावर संपणारे मोजे चालताना घसरतात, कारण पोटरी खाली निमुळती होत जाते. गुडघ्याच्या जरा खाली संपणारे मोजे पोटरीच्या फुगवट्यावर टेकून राहतात. उन्हाळ्यात मात्र ते नकोसे होतात, तेव्हा पातळ सुती घ्यावेत.

जीन्स-स्नीकर्सला घोट्यापर्यंतचे मोजे पुरतात. लोफर्सना बाहेरून न दिसणारे घ्या, पण टाचेला आतून सिलिकॉनची पट्टी आहे ना, ते पाहा. नाहीतर मोजा चार पावलांत तळव्याखाली गोळा होतो.

आणि नेव्ही की काळा, हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. दारात, उजेडात नेऊन पाहा.