नवरदेवाच्या पायात काय?

शेरवानीसाठी दुकानाच्या तीन फेऱ्या होतात, फेटा बांधणारा दोन महिने आधी ठरतो आणि पायातलं मात्र लग्नाच्या आठवड्यात, केळवणाहून परतताना वाटेत दुकान दिसलं म्हणून घेतलं जातं. नवरदेव दुकानात गालिच्यावर चार पावलं टाकतो, आरशात बघतो आणि 'बसतेय की' म्हणतो. लग्नाच्या रात्री खोलीत आल्यावर तोच आधी मोजडी काढून कोपऱ्यात फेकतो आणि टाचेवरचा फोड कुणाला दाखवावा या विचारात पडतो.

मोजडी घ्यावी की चामड्याचे बूट, हा प्रश्न बहुतेक वेळा फोटोवरून सुटतो. तो घड्याळावरून सोडवावा, कारण नवऱ्याच्या पायांना दिवसभर एकच काम नसतं. मराठी लग्नातला नेहमीचा दिवस घ्या. सकाळचे विधी अनवाणी होतात. अंतरपाट, मंगलाष्टकं, होम, सप्तपदी या साऱ्यांत पायात काही नसतं. पण त्याआधी आणि मधेमधे पाचसहा वेळा पायातलं काढघाल होते. मिरवणूक असेल तर डांबरी रस्त्यावर तास-दीड तास नाचत चालायचं. शेरवानीची खरी पाळी बहुधा संध्याकाळी, रिसेप्शनला येते आणि तिथे चालणं जवळजवळ नसतंच, नुसतं उभं राहणं असतं. पाहुणे चारशे, चौघांचा एक गट धरला तरी फोटोचे शंभर गट. सात ते दहा ही वेळ त्यातच जाते आणि मागची सिंहासनासारखी खुर्ची शोभेपुरती उरते.

काढघाल, चाल आणि उभं राहणं या तीन कामांना दोन्ही प्रकार वेगवेगळे पुरे पडतात. फरकाचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. पायातली वस्तू पायाला धरून कशी राहते?

लेसचा बूट पावलाच्या वरच्या उंचवट्यावर आवळला जातो. टाच मागे दाबून बसते, पाऊल पुढे घसरत नाही आणि बोटं मोकळी राहतात. मोजडीला ना लेस, ना पट्टा, ना इलॅस्टिक. ती दोनच ठिकाणी धरते, पुढे बोटांच्या मुळाशी आणि मागे टाचेच्या वरच्या कडेला. म्हणून ती चावते तीही याच दोन जागी. सैल असेल तर पाऊल उचलताना निसटू नये म्हणून बोटं नकळत आत वळून पकडून राहतात. रात्री पोटऱ्या आणि तळवे भरून येतात त्यामागे ही पकड असते, आणि दोष मात्र नाचाला दिला जातो.

अस्सल चामड्याच्या मोजडीची गोष्ट मात्र निराळी आहे. पंजाबात पटियाला, फाजिल्का, मुक्तसर या भागात आणि राजस्थानात जोधपूर-जयपूरकडे ती पिढ्यान् पिढ्या हातानं शिवली जाते. वरचा भाग मऊ चामड्याचा, त्यावर जरीचं काम, आणि खाली चामड्याचे थर सुती दोऱ्यानं शिवून केलेला सपाट तळ. जुन्या पद्धतीच्या जोडात डावा-उजवा असा भेदच नसतो. दोन्ही सरळसोट असतात आणि घालून घालून ज्याच्या त्याच्या पावलाचा आकार घेतात. नव्या जोडाच्या आत पेनानं खूण करून एक मोजडी कायम त्याच पायात घालावी, म्हणजे आकार लवकर बसतो.

हे आकार घेणं रुंदीत होतं, लांबीत नाही. चामडं कडेला सैलावतं, पण पुढून-मागून ताणत नाही. म्हणून लांबीला नेमकी आणि रुंदीला जराशी आवळ अशीच मोजडी घ्यायची. अंगठा पुढे टेकून दुखत असेल तर दुकानदाराच्या 'वापरून होईल सैल' या आश्वासनाला अर्थ नाही. खरेदी संध्याकाळी करावी हे बरं, कारण दिवसभराच्या उभं राहण्या-चालण्यानं पाय थोडे सुजलेले असतात आणि रिसेप्शनलाही ते तसेच असणार. दोन्ही पाय घालून बघावेत, कारण एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असणं अगदी नेहमीचं आहे. मापाला मोठा पाय धरावा.

मग हात आत घालून बघायचं. भरतकाम वरून जितकं भरगच्च, तितक्या आतल्या बाजूला दोऱ्याच्या गाठी आणि जरीची टोकं. वर मऊ अस्तर असेल तर ठीक. नसेल तर बोटांना जे खरखरीत लागतं ते पायाच्या नाजूक कातडीला तीन तास घासणार आहे. टाचेची मागची कड बोटांत धरून दाबावी. ती पुठ्ठ्यासारखी ताठ असेल तर फोडाची जागा तीच. पंजाब-राजस्थानात नव्या मोजडीच्या टाचेला आतून मोहरीचं तेल चोळायची जुनी रीत आहे. आपल्याकडे कोल्हापुरीला तेल पाजतात, त्याच जातीचा हा उपाय. त्यानंतर आठ-दहा दिवस घरात रोज अर्धा तास, आधी पातळ सुती मोजे घालून आणि मग मोज्यांशिवाय, वापरायची.

अडचण अशी की शेरवानीच्या दुकानात काचेच्या कपाटात जे मिळतं ते बरेचदा या जातीचं नसतंच. वर रेशमी किंवा मखमली कापड, खाली पुठ्ठा आणि रबर, आत रेग्झिनचं अस्तर, आणि सगळं चिकटवलेलं. दिसायला ते सुरेख, किंचित मऊही असतं. पण कापड-रेग्झिन पायाचा आकार घेत नाही, त्याला तेल पाजून उपयोग नाही आणि घाम आत कोंडतो. लॉनवर पाणी मारलेलं असेल तर पुठ्ठा भिजून तळ सुटू लागतो. अशी मोजडी पहिल्या दिवशी जशी लागते तशीच दहाव्या दिवशीही लागते. ती घ्यायची तर पहिल्याच दिवशी सुखाची हवी.

मोजडी सपाट लागते म्हणून आत जेलची गादी घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो इथे उलटतो. मोजडी खोलीला उथळ असते. टाचेखाली गादी सरकवली की टाच वर उचलली जाते, मागची कड खाली राहते आणि चालताना मोजडी पायातून सुटते. मग बोटांची पकड आणखी वाढते. घालायचीच तर पुढच्या चवड्याखाली पातळ गादी घालावी आणि तीही मोजडी निवडतानाच घालून बघावी, नंतर नव्हे.

रोज ऑफिसला बूट घालणाऱ्याला सपाट तळ जास्त छळतो. त्याच्या बुटाची टाच साधारण अडीच सेंटिमीटर उंच असते आणि पोटरी त्या उंचीला सरावलेली असते. एका रात्रीत ती उंची काढून घेतली आणि वर तीन तास उभं केलं, की पोटरी व टाचेमागची शीर ओढली जाते. उलट जो मुलगा घरीदारी चपलेवर वावरतो त्याला मोजडीत हे काहीच जाणवत नाही. मित्राला सोसली म्हणून आपल्याला सोसेल, हा हिशेब त्यामुळे चुकतो.

उभं राहण्याच्या कामात चांगला बूट सरळसरळ जिंकतो. थोडी टाच, आत गादी, कमानीला आधार आणि वरून लेसची पकड. शेरवानीखाली लेसच्या बुटांतही एक बारकावा बघावा. ज्या बुटात लेसच्या दोन्ही पट्ट्या वरून शिवलेल्या असतात आणि उघडून रुंद होतात, त्याला डर्बी म्हणतात. ऑक्सफर्डमध्ये त्या खालून शिवलेल्या, बंद असतात. संध्याकाळी पाय सुजला तर डर्बी सैल करता येतो, ऑक्सफर्ड फारसा नाही. चकचकीत पेटंट लेदर फोटोत झळकतं, पण त्यावरच्या लेपामुळे ना ते ताणतं, ना घाम बाहेर जाऊ देतं. साधं काळं किंवा गडद तपकिरी चामडं बरं. तळ चामड्याचा आणि कोरा असेल तर मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर घसरायला होतं. तळावर सँडपेपर फिरवून तो खरखरीत करून घ्यावा.

बुटाची खरी अडचण काढघालीत आहे. गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, पोटरीला घट्ट चुडीदार, खांद्यावर शेला. या अवतारात वाकून लेस बांधणं जमत नाही, आणि मग धाकटा भाऊ गुडघ्यावर बसतो, फोटोग्राफर तोही फोटो काढतो. विधींच्या वेळी मोजडी पायाच्या एका झटक्यात निघते. करवल्यांना ती पळवायलाही तितकीच सोपी, हा भाग वेगळा.

शेरवानीवर बूट शोभत नाहीत, हे मात्र खरं नाही. शेरवानी स्वतःच एकोणिसाव्या शतकात भारतीय पोशाख आणि युरोपीय लांब कोट यांच्या मेळातून घडली. पंडित नेहरूंचे अचकन-चुडीदारातले समारंभाचे फोटो बघितले तर पायात कित्येकदा साधे काळे बूट दिसतात. अलीगढच्या विद्यापीठातही काळ्या शेरवानीचा पोशाख परंपरेनं चालत आला आहे. मोजडीची सक्ती लग्नाच्या बाजारानं अलीकडे केलेली आहे. हां, जरीकाम भरघोस असलेल्या सोनेरी शेरवानीखाली जाड तळाचा ऑफिसचा बूट विजोड दिसतो. तिथे लेस नसलेला, सडपातळ, साधा लोफर मध्यममार्ग ठरतो.

म्हणून सरळ वाटणी करावी. सकाळी आणि विधींच्या आसपास सवयीची झालेली मोजडी, रिसेप्शनला डर्बी किंवा लोफर. एकच जोड घ्यायचा असेल आणि रिसेप्शन मोठं असेल तर बूट, लग्न घरगुती असेल तर मोजडी. मिरवणुकीत तासभर नाचायचं असेल तर कापडी मोजडी नकोच. टाचेवर मायक्रोपोर टेप लावायची ती घालण्यापूर्वी, कोरड्या कातडीवर. फोड आल्यावर ती फारशी कामाची नाही.

शिंप्याकडे शेवटच्या ट्रायलला ठरलेला जोड बरोबर न्यावा. सरळ पँटची लांबी अनवाणी पायावर मापली आणि मग अडीच सेंटिमीटरची टाच आली, तर पँट आखूड दिसते. मोजडीवर मापलेली बुटावर वर चढते. चुडीदाराला चुण्या असतात म्हणून तिथे थोडं भागतं.

आणि नव्याचा खर्च नको म्हणून कॉलेजच्या निरोप समारंभाचे चार वर्षं खोक्यात पडलेले बूट काढायचे असतील, तर ते महिनाभर आधी काढावेत. पुष्कळ बुटांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात. न वापरता दमट हवेत पडून राहिले की हे द्रव्य हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतं. वरून बूट नवा दिसतो आणि पहिल्या दहा मिनिटांत तळाचे तुकडे पडू लागतात, मुंबई-कोकणात तर जास्तच. तळ अंगठ्यानं जोरात दाबून, वाकवून बघावा. भेगा दिसल्या किंवा चुरा हाताला लागला तर तो जोड बाद. धड वाटला तरी घरातल्या फरशीवर अर्धा तास चालून मगच तो शेरवानीच्या पिशवीत ठेवावा.