रिळाची थरथर, डिजिटलचा अंधार

३५ मिलिमीटरच्या रिळात प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असतात. प्रोजेक्टरचे दातेरी चाक त्यांना पकडून सेकंदाला २४ चौकटी एकेक झटक्याने खाली ओढते. छिद्रे झिजली की चौकट दर वेळी नेमक्या त्याच जागी थांबत नाही आणि चित्र किंचित हलते. हे एरवी ध्यानात येत नाही, पण श्रेयनामावलीतली स्थिर अक्षरे थरथरताना स्पष्ट दिसतात.

दोन हजार फुटांचे रीळ सुमारे २२ मिनिटे चालते, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला अशी सात रिळे लागतात. दोन प्रोजेक्टर आलटून पालटून चालवताना, रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका उमटे. ती प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी खूण असे. रिळाची टोके सर्वाधिक हाताळली जात, म्हणून ओरखडे आणि धूळ तिथेच दाटलेली असे.

डिजिटल प्रतीत हे काहीच नसते. शंभरावा खेळ पहिल्याइतकाच स्वच्छ दिसतो. मात्र तिथे खरी उणीव उजेडाची असते. दिवा जुना झाला, किंवा थ्रीडीची भिंग-व्यवस्था साध्या चित्रपटालाही तशीच राहिली, की रात्रीचे प्रसंग काळवंडतात आणि चेहरे हरवतात. टूके आणि फोरके यांतला फरक मागच्या रांगेतून सहसा कळत नाही, हा अंधार मात्र सगळ्यांनाच जाणवतो.