तीस टक्के पाऊस म्हणजे किती पाऊस?

ऑक्टोबरातली गोष्ट. माझी सहावीतली भाची शाळेतून घरी आली ती पार निथळत, आणि दारातूनच ओरडली, "मावशी, हवामानाचा अंदाज साफ चुकला! सकाळी मोबाइलवर पावसाची शक्यता फक्त ३० टक्के होती. म्हणून मी रेनकोट नेला नाही."

मी तिला टॉवेल दिला आणि विचारलं, "पण तीस टक्के म्हणजे नक्की काय गं?"

"शहराच्या तीस टक्के भागात पाऊस. म्हणजे आपल्याकडे पडायलाच नको होता."

तिचा दादा म्हणाला, "छे, दिवसाच्या तीस टक्के वेळ पाऊस." आणि आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, पाऊस थोडासाच, भुरभुर पडेल असं असणार ते."

तीन माणसं, तीन उत्तरं, आणि तिन्ही चूक! पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम, बर्लिन, मिलान आणि अथेन्स या पाच शहरांतल्या लोकांना संशोधकांनी हाच प्रश्न विचारला होता. २००५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बरोबर उत्तर देणारे निम्म्याहून जास्त निघाले ते एकट्या न्यूयॉर्कमध्ये. अमेरिकेत १९६०च्या दशकापासून अंदाजात असे टक्के सांगतात, त्यामुळे तिथल्या लोकांच्या कानांवरून ते गेलेले होते. युरोपातल्या शहरांत सगळ्यांत आवडतं उत्तर होतं ते आमच्या दादाचं.

मग बरोबर उत्तर काय? उद्या दिवसभरात, तुम्ही आहात त्या ठिकाणी, मोजता येईल एवढा पाऊस पडण्याची शक्यता शंभरात तीस. अमेरिकेत 'मोजता येईल एवढा' म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, साधारण पाव मिलिमीटर. अंगण जेमतेम ओलं होतं तेवढ्यात! त्यामुळे ९० टक्के म्हणजे धो-धो पाऊस असं मुळीच नाही. नव्वद टक्के शक्यता असून नुसती रिमझिम होईल, आणि वीस टक्के शक्यता असून वळीव रस्त्याला ओढा करून जाईल. पाऊस किती, ते मिलिमीटरमध्ये वेगळं दिलेलं असतं. ते वेगळंच वाचायचं.

भाचीचं 'तीस टक्के भागात' हे उत्तर मात्र अगदीच हवेतलं नव्हतं. आपल्या भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी' असे शब्द तुम्ही ऐकले असतील. ते खरोखर जागेबद्दल बोलतात. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होणार असेल, तर म्हणायचं 'तुरळक ठिकाणी'. त्याहून जास्त, पण निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी'. मोबाइलवरचे टक्के मात्र तुम्ही निवडलेल्या जागेबद्दल आणि तिथं दिलेल्या वेळेबद्दल असतात. तो आकडा एका तासाचा आहे की पूर्ण दिवसाचा, हे आधी बघायचं. संध्याकाळच्या चार तासांपुढं प्रत्येकी ३० टक्के लिहिलं असेल, तर त्या चार तासांत कधीतरी भिजण्याची शक्यता तीसपेक्षा बरीच जास्त असू शकते.

आता खरी गंमत. हा तीसचा आकडा काढतात कसा?

१९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ नावाचे शास्त्रज्ञ संगणकावर एक साधं, काल्पनिक हवामान चालवून बघत होते. एक गणित पुन्हा करायचं होतं, म्हणून त्यांनी मधल्याच एका टप्प्यावरचे आकडे परत भरले. संगणकाच्या पोटात 0.506127 होतं, कागदावर छापून आलं होतं 0.506, आणि त्यांनी तेवढंच भरलं. फरक किती? चिमूटभरसुद्धा नाही. ते कॉफी पिऊन परत आले तेव्हा नवं हवामान आधी जुन्यासारखंच चाललेलं होतं, मग हळूहळू फाटत गेलं आणि शेवटी दोन्हींचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही.

खऱ्या हवेत तर हा फरक नेहमीच असतो. समुद्रावरच्या प्रत्येक ठिकाणची हवा किती दमट आहे, हे कोण मोजणार? म्हणून हवामानशास्त्रज्ञ एकच अंदाज काढून थांबत नाहीत. आजच्या हवेचे आकडे अगदी किंचित बदलून ते तेच गणित पुन्हा पुन्हा करतात. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात युरोपातल्या देशांचं मिळून एक हवामान केंद्र आहे, ते असे ५१ अंदाज एकत्र काढतं. समजा, त्यातल्या १५ अंदाजांत तुमच्या गावावर पाऊस आला आणि ३६ अंदाजांत गाव कोरडं राहिलं. एकावन्नात पंधरा, म्हणजे जवळजवळ तीस टक्के! मग संगणक आधी कुठे चुकत आला होता ते बघून हा आकडा थोडा सुधारतात.

ऑक्टोबरातल्या दुपारच्या पावसाला असे मधलेच आकडे जास्त मिळतात. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं की बुडबुडे येणार हे आपल्याला ठाऊक असतं, पण पहिला बुडबुडा नेमका कुठून वर येईल ते सांगता येत नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गडगडाटी ढगांचं तसंच असतं. गावाच्या या वेशीला पाणीच पाणी आणि त्या वेशीला धूळ.

"म्हणजे काहीही झालं तरी अंदाज बरोबरच! मग तो चुकला हे कळणार कसं?" भाचीनं विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला. एका दिवसावरून ते कळतच नाही. पुष्कळ दिवस लागतात.

आम्ही एक वही केली. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा आकडा लिहायचा, तोही दरवेळी एकाच ठिकाणचा. गच्चीवर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, सरळ कडेचा सपाट बुडाचा डबा ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी पट्टीनं मोजायचं. आपला हवामान विभागही दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतो. मग ३० टक्केवाले सगळे दिवस एका बाजूला काढायचे. असे वीस दिवस जमले आणि त्यातल्या सहाच्या आसपास दिवशी पाऊस पडला, तर आकडा खरा. पाच किंवा आठ झाले तरी चालेल, वीस दिवसांत एवढं इकडंतिकडं होतंच. पण बारा दिवशी पाऊस आला, तर अंदाज देणारा पावसाला कमी लेखतोय. आणि एकाही दिवशी आला नाही, तर उगाच घाबरवतोय.

एक फसवणूकही ओळखून ठेवा. समजा, ऑक्टोबरात तुमच्या गावी दर दहा दिवसांत तीन दिवस पाऊस पडतो. मग कुणी रोज डोळे मिटून '३० टक्के' म्हणत बसला, तरी तो या परीक्षेत पास होईल! पण त्याचा काय उपयोग? चांगला अंदाज कोरड्या दिवशी ५ म्हणायची आणि ओल्या दिवशी ८० म्हणायची हिंमत करतो, आणि तरीही वहीत खरा उतरतो.

भाचीच्या वहीत आता सगळ्यांत मोठा रकाना ३० टक्क्यांचा आहे. ती भिजली तो दिवस त्यातलाच एक, आणि त्याच्या आसपास त्याच आकड्याचे बरेच कोरडे दिवसही आहेत. तुम्हीही एक वही घ्या आणि उद्याचा आकडा आज रात्रीच, पेननं लिहून ठेवा. पाऊस पडून गेल्यावर आठवून लिहिलेला आकडा मोजणीत धरायचा नाही.