२००१ आणि २०११ च्या मधली वर्षं: अमरावती-अकोल्याच्या लोकसंख्येतून समजून घ्या अंकगणिती मध्य आणि भूमितीमध्य

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि यावेळी प्रगणक माहिती कागदाऐवजी मोबाईल अ‍ॅपवर भरणार, हे तुम्ही ऐकलंच असेल. पण जनगणना दहा वर्षांनी एकदा होते. मग २००४ मध्ये अमरावती जिल्ह्यात किती लोक होते, हे कोणी विचारलं तर आकडा आणायचा कुठून?

आपल्याकडे दोन टोकं आहेत. अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला २६,०७,१६० होती आणि २०११ ला २८,८८,४४५. दोन्ही आकडे १ मार्चचे. मधल्या २००२ ते २०१० या नऊ वर्षांचे आकडे आपल्याला भरायचे आहेत. गणिताच्या पुस्तकात याच कामाला ‘दोन संख्यांमध्ये मध्य घालणे’ म्हणतात. ते दोन पद्धतींनी होतं. आधी सोप्या आकड्यांवर बघू, मग अमरावतीकडे येऊ.

फोनच्या स्टोरेजवरून सुरुवात

फोन घेताना तुम्ही ३२ जीबी आणि ५१२ जीबी असे पर्याय बघितले असतील. या दोघांच्या मध्ये तीन संख्या घालायच्या आहेत असं समजा.

पहिली पद्धत म्हणजे दरवेळी सारखीच संख्या *मिळवत* जायची. ३२ पासून ५१२ पर्यंत अंतर ४८०. मध्ये तीन संख्या म्हणजे उड्या चार. एक उडी ४८० ÷ ४ = १२०. म्हणून मधल्या संख्या १५२, २७२, ३९२. हे तीन अंकगणिती मध्य.

दुसऱ्या पद्धतीत दरवेळी सारख्याच संख्येने *गुणत* जायचं. ५१२ हे ३२ च्या १६ पट आहे. चार उड्यांत १६ पट व्हायचं, तर प्रत्येक उडी २ पटीची. मधल्या संख्या ६४, १२८, २५६. हे तीन भूमितीमध्य. दुकानात मिळणारे स्टोरेजचे पर्याय नेमके हेच आहेत.

सूत्रात लिहायचं तर a आणि b ही टोकं, मध्ये n संख्या घालायच्या:

```
d = (b - a) / (n + 1)
r = (b / a) ^ (1 / (n + 1))
```

d मिळवत गेलात की अंकगणिती मध्य येतात, r ने गुणत गेलात की भूमितीमध्य. भूमितीमध्यासाठी दोन्ही टोकं शून्यापेक्षा मोठी हवीत. लोकसंख्येत ती अडचण येत नाही.

n की n + 1? इथेच गाडी घसरते

माझी भाची अमरावतीला अकरावीत आहे. तिच्या प्रोजेक्टसाठी मी हे गणित फोनवर करून दाखवत होतो. d काढताना मी दहाने भागलं, तर ती म्हणाली, “मामा, मधात तं नऊच वर्षं हायेत, मग दहानं कायले भागाचं?”

प्रश्न बरोबर होता, कारण मी स्वतः आधीच्या रात्री नऊनेच भागून अख्खी शीट चुकवली होती. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना वाटेत नऊ थांबे असतील, तर प्रवासाचे टप्पे दहा होतात. शेवटच्या थांब्यापासून अकोल्यापर्यंतचा टप्पाही मोजावाच लागतो. घालायच्या संख्या नऊ, पण उड्या दहा.

आता अमरावतीचं गणित करू. फरक २,८१,२८५. दहाने भागलं की d = २८,१२८.५. म्हणजे दरवर्षी साधारण अठ्ठावीस हजार लोकांची भर. २००४ ही तिसरी उडी, म्हणून २६,०७,१६० + ३ × २८,१२८.५, म्हणजे जवळपास २६,९१,५४६.

नऊने भागलं असतं तर d ३१,२५३.९ आला असता आणि २०१० चाच आकडा २८,८८,४४५ झाला असता. चूक ओळखायची खूण हीच: शेवटचा *घातलेला* आकडा टोकाच्या आकड्याला चिकटला, तर तुम्ही n ने भागलंय.

फोनवर दहा मिनिटांत

गूगल शीट्समध्ये A1 मध्ये 2607160 आणि A11 मध्ये 2888445 लिहा. मग B1 मध्ये पहिलं आणि C1 मध्ये दुसरं सूत्र टाका आणि दोन्ही अकराव्या ओळीपर्यंत खाली ओढा.

```
=$A$1+($A$11-$A$1)*(ROW()-1)/10
=$A$1*($A$11/$A$1)^((ROW()-1)/10)
```

पहिली ओळ म्हणजे २००१, अकरावी म्हणजे २०११. B11 आणि C11 मध्ये 2888445 आलं तर सूत्र बरोबर बसलं.

r वेगळा काढून तो गोल करू नका. अमरावतीसाठी r जवळपास १.०१०२९८ येतो. कोणी तो १.०१ धरून दहा वेळा गुणलं तर २०११ ला २८,७९,९२७ पर्यंतच पोचतो, म्हणजे साडेआठ हजार लोक गायब! १.०१०३ धरला तर चूक पन्नासपेक्षाही कमी लोकांची राहते. गुणाकारात छोटी चूकही दर उडीला वाढत जाते, म्हणून पूर्ण सूत्र शीटलाच सोडवू द्या.

दोन्हींत फरक किती पडतो?

शीटमध्ये २००६ ची ओळ बघा, ती बरोबर मधली आहे. अंकगणिती मध्य २७,४७,८०२.५ आणि भूमितीमध्य सुमारे २७,४४,२०१. फरक ३,६०० च्या आसपास. बाकी वर्षांतही भूमितीमध्य खालीच दिसेल, फक्त टोकांकडे फरक कमी होत जातो.

हा योगायोग नाही. बरोबर मधल्या पदासाठी दोघांतला फरक असा येतो:

```
(a + b)/2 - √(ab) = (√b - √a)² / 2
```

उजवीकडे वर्ग आहे, म्हणून तो ऋण होऊच शकत नाही. a आणि b समान असतील तरच फरक शून्य. टोकं गुणोत्तराने जवळ असतील तर फरक नगण्य असतो, लांब असतील तर मोठा. अमरावतीची टोकं १.१०८ पटीच्या अंतरावर, म्हणून फरक अवघा ०.१३ टक्के. स्टोरेजची टोकं १६ पटीच्या अंतरावर, म्हणून मधलं पद एकीकडे २७२ आणि दुसरीकडे १२८, दुपटीहून जास्त तफावत.

घातलेल्या संख्यांची बेरीज

बेरीज कशाला हवी? समजा प्रत्येक वर्षी किती लोकांना पाणी लागलं, ते नऊ वर्षांसाठी एकत्र मोजायचंय. मग दरवर्षीची लोकसंख्या मिळवावी लागते.

अंकगणिती मध्यांची बेरीज तर चुटकीसरशी होते. पहिला आणि शेवटचा मध्य मिळवले तर a + b, दुसरा आणि शेवटून दुसरा मिळवले तरी a + b. म्हणून बेरीज = n × (a + b)/2. स्टोरेजमध्ये ३ × २७२ = ८१६. अमरावतीत ९ × २७,४७,८०२.५ = २,४७,३०,२२२.५.

भूमितीमध्यांसाठी युक्ती वेगळी. S = ६४ + १२८ + २५६ घ्या. दुप्पट केली की २S = १२८ + २५६ + ५१२. वजाबाकीत मधलं सगळं उडतं, उरतं ५१२ − ६४ = ४४८. कोणत्याही r साठी हेच चालतं, फक्त r एक नसावा:

```
S = (b - a*r) / (r - 1)
```

अमरावतीसाठी ही बेरीज सुमारे २,४७,०६,४५० येते. अंकगणिती बेरजेपेक्षा जवळपास २३,८०० ने कमी. शीटमध्ये `=SUM(B2:B10)` आणि `=SUM(C2:C10)` टाकून पडताळा. बेरजेत दोन्ही टोकं घ्यायची नाहीत, म्हणून दुसऱ्या ओळीपासून दहाव्यापर्यंतच.

आता नऊने भागण्याची माझी चूक आठवा. त्या चुकीने बेरीज १,४०,६४२ ने फुगते. म्हणजे पद्धत कोणती निवडली यापेक्षा जवळपास सहापट मोठा गोंधळ! जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं माणशी रोज ५५ लिटरचं माप फक्त अंदाजासाठी सगळ्यांना लावलं, तर ही चूक सुमारे २८२ कोटी लिटर पाण्याची होते. कोणती पद्धत यावर वाद घालण्याआधी उड्या नीट मोजा, असं मी आता स्वतःलाच सांगतो.

अकोल्याशी तुलना

अकोला जिल्हा २००१ ला १६,३०,२३९ आणि २०११ ला १८,१३,९०६. इथे d १८,३६६.७ येतो. अमरावतीच्या २८,१२८.५ पुढे हा लहान दिसतो, म्हणून अकोला हळू वाढला असं वाटेल. पण r काढा: अकोल्याचा सुमारे १.०१०७३, अमरावतीचा १.०१०३०. म्हणजे वर्षाला १.०७ टक्के विरुद्ध १.०३ टक्के. आपल्या आकाराच्या मानाने अकोलाच जास्त वेगाने वाढला. किती डोकी वाढली ते d सांगतो, कोणत्या वेगाने वाढली ते r. लहान-मोठ्या जिल्ह्यांची तुलना करताना r बघा.

२०११ च्या पुढे गेलात तर सावध

हीच सूत्रं पुढे ओढून २०२७ चा आकडा काढायचा मोह होतो. अमरावतीसाठी ‘मिळवत’ गेलात तर सुमारे ३३,३८,५०० येतात, ‘गुणत’ गेलात तर सुमारे ३४,०३,०००. दोन गोष्टी बघा. टोकांच्या आत भूमितीमध्य खाली होता, टोकाबाहेर तोच वर गेला. आणि फरक साडेतीन हजारांवरून चौसष्ट हजारांवर पोचला. आत असताना दोन्ही बाजूंनी खऱ्या मोजणीचा खुंटा असतो, बाहेर एकच उरतो.

आतले आकडेही मोजलेले नाहीत, भरलेले आहेत. एखाद्या वर्षी कामासाठी बरेच लोक पुण्या-मुंबईला गेले असतील, तर ते ना d ला कळतं ना r ला. म्हणून असा आकडा कुठे वापरलात तर शेजारी ‘अंदाजे’ लिहा आणि कोणत्या पद्धतीने काढला तेही लिहा. भाचीच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही दोन्ही रकाने ठेवले आणि खाली एकच ओळ लिहिली: घातलेली पदं नऊ, उड्या दहा.