भाडे कमी मागणारे पत्र

समजा, रस्त्याच्या खोदकामामुळे कापडाच्या छोट्या दुकानातली वर्दळ आटली. महिन्याची विक्री 3 लाखांवरून 2 लाख 10 हजारांवर आली. भाडे मात्र 30 हजारच. पूर्वी विक्रीचा दहावा हिस्सा भाड्यात जाई, आता सातवा जातो. जागामालकाला लिहिताना पत्राची सुरुवात याच हिशेबाने करावी, सोबत गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या त्याच महिन्यांच्या जीएसटी विवरणपत्रांच्या प्रती जोडाव्यात. दिवाळीची तुलना आषाढाशी केली, तर मालकाला ती लगेच खटकते.

मागणी नेमकी हवी: सहा महिने 24 हजार, नंतर पुन्हा 30. मालकाचे नुकसान 36 हजारांचे; गाळा दोन महिने रिकामा राहिला तर 60 हजारांचे. हे धमकीच्या सुरात लिहू नये. उलट, करार आणखी वर्षभर वाढवायची तयारी दाखवावी, कारण मालकाला खरी काळजी असते ती भाडेकरू टिकण्याची.

उत्तर येईपर्यंत पूर्ण भाडे वेळेवर भरावे. थकबाकीदाराच्या पत्राला वजन उरत नाही. होकार मिळाल्यावर तोंडी शब्दावर थांबू नये. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, म्हणून बदललेल्या भाड्याचा पुरवणी करारही करून घ्यावा.