रोमच्या टॅक्सीत फोन राहिला तर

रोममध्ये टॅक्सीत फोन राहिला, तर कंपनीला लांबलचक हकिकत लिहू नका. ‘बुओनजोर्नो, ओ दिमेंतिकातो इल तेलेफोनो सुल सेदीले पोस्तेरिओरे’, म्हणजे मागच्या सीटवर फोन विसरलोय, एवढं पुरतं. पुढे तारीख, वेळ, कुठून कुठे गेलात ते आणि टॅक्सीचा लायसन्स नंबर. तिथल्या टॅक्सी पांढऱ्याच, त्यामुळे रंग सांगून उपयोग नाही. नंबर दारावर असतो, पावती घेतली असेल तर तिच्यावरही पाहा. संपर्कासाठी सोबत्याचा नंबर द्या, हरवलेल्या फोनचा नव्हे (गडबडीत तोच लिहिला जातो!). उत्तर नाहीच आलं, तर पालिकेच्या ‘उफ्फिचो ओज्जेत्ती स्मार्रीती’त चौकशी करावी. मालक ठाऊक नसलेली सापडलेली वस्तू इटालियन कायद्यानुसार पालिकेकडेच जमा करायची असते.